पुसून गेलेल्या फोटोची चौकशी

(बेळगावातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्षांनी मला पाऊण तास दिलाय आणि माझा स्वभाव माहीत असल्यामुळे समोर घड्याळही ठेवलंय. विषय थोडा विचित्र आहे. फोटो हातात नाही, डिलीट झालाय, पण त्याच्या रचनेवर बोलायचंय. तर फोटो काढणाऱ्याने तो शब्दांत कसा सांगावा आणि ऐकणाऱ्याने काय विचारावं?

फाइल खरंच गेली का, हे आधी बघून घ्या. मोबाइलवर ट्रॅशमध्ये बघा. कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसली असेल तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. डिलीट केल्यावर फोटो लगेच नाहीसा होत नाही, त्याची जागा फक्त रिकामी धरली जाते. PhotoRec सारखं सॉफ्टवेअर अशा वेळी बरंच परत आणतं. पण आमचा खानापूरकडचा एक पोरगा आला तो त्याच कार्डावर सौंदत्तीची अख्खी यात्रा काढून. मग काय राहणार? यल्लम्माच्या नावानं भंडारा उधळला गेला, फोटोही त्याच्यासोबत गेला.

हा पोरगा मला म्हणाला, "सर, लई भारी आलता बघा फोटो. गुऱ्हाळातला. वाफ, उजेड, गुळव्या, सगळं एकदम झकास." मी म्हटलं, बरं, आता फोटो सांग. तर म्हणाला, "सांगितलं की!"

माझी तक्रार हीच आहे. फोटो सांग म्हटलं की आपण तो आवडला हे सांगतो. 'फील होता', 'मूड होता'. अहो, मूड फ्रेमच्या कुठल्या कोपऱ्यात होता? आणि ऐकणारेही तयारच असतात, "माणसाला फ्रेमच्या एक तृतीयांशावर घ्यायला हवं होतं" म्हणायला. फोटो न बघता एक तृतीयांश! लग्नात आहेर न उघडता 'फारच सुंदर' म्हणण्यातला हा प्रकार. (हसताय, म्हणजे तुम्हीही म्हटलंय.)

मी त्याला खाली बसवलं आणि कोरा कागद दिला. फोटो आडवा की उभा? आडवा. लेन्स? कॅमेऱ्याबरोबर येते ती, 18-55 मिमीची, आणि झूमची रिंग 18 वर. वाफेसकट सगळं मावावं म्हणून. तू कुठे होतास? मागे चिपाडाचा ढीग, त्यामुळे मागे सरता येत नव्हतं. गुळव्या किती लांब? "आठ फूट असंल. मधे काहिलीची एक कड." फ्रेममध्ये काय काय? "डोक्यापासून पायापर्यंत गुळव्या, वर मोकळी जागा भरपूर, कौलातनं उतरणारे उन्हाचे पट्टे, खाली चुलवाणाचा दगड."

आता गणित करू, फार नाही. त्याच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर 18 ची लेन्स लावली तर समोरच्या माणसाच्या अंतरावर साधारण अंतराच्या सव्वापट रुंद आणि पाऊणपटीपेक्षा थोडी जास्त उंच एवढी जागा फ्रेममध्ये मावते. आठ फुटांवर म्हणजे दहा फूट रुंद, सात फूट उंच. गुळव्या साडेपाच फुटी. म्हणजे तो फ्रेमच्या उंचीचा तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग खाणार. वरखाली मिळून उरला दीड फूट. त्यात भरपूर मोकळी जागा, उन्हाचे पट्टे आणि चुलवाणाचा दगड? नाही बसत.

पोरगा खोटं बोलत नव्हता. फोटो आठवताना आपण त्याची कड बाहेर सरकवतो. 1989 साली हेलेन इन्ट्रॉब आणि मायकेल रिचर्डसन यांनी लोकांना फोटो दाखवून मग आठवणीतून चित्रं काढायला लावली. फोटोत कडेला कापली गेलेली वस्तू लोकांनी चित्रात पूर्ण काढली, भोवती मोकळी जागासुद्धा दिली. जवळून काढलेल्या फोटोंत हे जास्त होतं. 2020 साली बेनब्रिज आणि बेकर यांनी उलटही दाखवलं: फार दुरून काढलेला, भरपूर जागा असलेला फोटो आठवणीत आखडतो. म्हणून आठवणीतल्या फोटोला 'थोडी जागा जास्त सोडलीस' म्हणणं धोक्याचं. ती जागा फोटोत असेलच असं नाही.

यावर माझा उपाय असा: काय दिसत होतं हे न विचारता काय कापलं गेलं हे विचारायचं. मी विचारलं, गुळव्याच्या हातातल्या लांब दांड्याचं टोक फ्रेममध्ये होतं का? पोरगा थांबला. "नाय सर. टोक वर कापलं होतं." आणि पाय? "पाय... काहिलीच्या कडेमागं." बघा, मग जागा झाली. पाय गेले, कॅमेरा वर उचलला होता, म्हणून उन्हाचे पट्टे आले. गणितही जुळलं.

(अध्यक्ष चिठ्ठी पाठवतायत. दहा मिनिटं. म्हणजे उजेडाचं मला आता पळत सांगावं लागेल, आणि खरं म्हणजे तेच सांगायला आलो होतो.)

तर उजेड. पोरगा म्हणाला, "गुळव्याचा चेहरा उजळला होता." मी विचारलं, जमिनीवर त्याची सावली कुठे पडली होती? "माझ्याकडं येत होती." म्हणजे सूर्य दारातून, गुळव्याच्या पाठीमागून. वाफ उठून दिसली ती त्यामुळेच, मागून उजेड आला की वाफ चमकते. पण मग चेहरा? चुलवाणात चिपाड घालायचं तोंड पलीकडच्या बाजूला, जाळाचा उजेड चेहऱ्यावर नाही.

इथे एकच प्रश्न निकाल लावतो: दारातून बाहेरचा ऊस हिरवा दिसत होता, की दार पांढरंफटक होतं? चेहरा उजळावा इतकं एक्स्पोजर दिलं असतं तर दार पांढरंच झालं असतं. पोरगा म्हणाला, ऊस दिसत होता. मग चेहरा काळाच होता रे बाबा! उजळलेला चेहरा त्याने डोळ्यांनी पाहिला, कॅमेऱ्याने नाही. म्हणजे आपण बोलतोय ते छायाकृतीबद्दल, आणि तिथे चेहऱ्यापेक्षा डोक्याची बाह्यरेषा महत्त्वाची.

मग शेवटचं विचारलं: डोकं कशावर आलं, उजळ दारावर की काळ्या भिंतीवर? कागदावर दाखव. त्याने दाराचा चौकोन काढला आणि डोकं नेमकं चौकटीच्या उभ्या लाकडावर ठेवलं. अर्धं डोकं उजेडात, अर्धं भिंतीच्या काळोखात विरलेलं. रचनेचा दोष होता तो हा. फ्रेममध्ये गुळव्या डावीकडून एक तृतीयांशावर होता की मध्यात, याने तो सुटला नसता. दार गुळव्याच्या उजवीकडे होतं. मी म्हटलं, तू फूटभर डावीकडे सरकला असतास तर पाठीमागचं दार फ्रेममध्ये त्याच्या मागे डावीकडे सरकलं असतं आणि डोकं पूर्ण उजेडात आलं असतं. चिपाडाच्या ढिगामुळे मागे जाता येत नव्हतं, बाजूला तर जाता येत होतं.

फोकस बरोबर होता का, वाफेत बारकावा होता का, गुळव्याच्या तोंडावरचा भाव कसा होता, यावर मी काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका, ते सांगणाऱ्याच्या शब्दांतून कळत नाही. सांगणाऱ्याने मात्र प्रत्येक गोष्टीपुढे 'नक्की' की 'बहुतेक' एवढं लिहावं. पोरग्याच्या कागदावर 'नक्की' तीनच ठिकाणी आलं: दांड्याचं कापलेलं टोक, सावलीची दिशा, हिरवा ऊस. बाकी सगळं आम्ही त्या तीन गोष्टींवरून काढलं.

गुऱ्हाळाचा हंगाम अजून आहे. परवा तो परत जाणार आहे, दुसरं कार्ड घेऊन. प्रश्न असतील तर चहाला विचारा, अध्यक्ष उठलेच.