परदेशी मालिकेतलं भारतीय घर: समजावून कोण सांगतं?

नमस्कार मंडळी. आज एका प्रश्नापासून सुरुवात करतो. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या मालिकेत एक भारतीय कुटुंब आहे. सकाळी आई मुलीला म्हणते, शाळेची पुस्तकं देवापुढे ठेव आणि नमस्कार कर. तुम्हाला-मला यात काही विचारायचं नाही. पण ओहायोतल्या एखाद्या प्रेक्षकाला कळायला हवं की पुस्तकाची पूजा का करतात. त्याला हे सांगायचं कोणी?

आईने मुलीला सांगितलं तर ते खोटं वाटतं, कारण मुलगी त्याच घरात वाढली आहे. दोघींना ठाऊक असलेली गोष्ट त्या एकमेकींना का सांगतील? कोणीच काही सांगितलं नाही, तर अर्धे प्रेक्षक बाहेरच राहतात. स्थलांतरित कुटुंबावरची मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. ती कोणी कशी सोडवली हे पाहिलं, की ते घर किती खरं उतरलंय हे लगेच कळतं. मी गेली काही वर्षं या मालिका याच नजरेने बघतोय.

आधी दोन उदाहरणं पटकन सांगतो, कारण त्यांच्यात घर जवळपास नाहीच.

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार, अपू. १९९० पासून तो आपल्याला दुकानाच्या काउंटरमागे दिसतो. १९९७ साली त्याच्या लग्नाचा एपिसोड आला. आईने ठरवलेलं लग्न टाळायचं म्हणून अपू थाप मारतो की माझं लग्न झालंय. मग आई थेट भारतातून येऊन उभी राहते. आता बायको कुठून आणायची? तो होमर सिम्प्सनच्या बायकोला, मार्जला, आपली बायको म्हणून पुढे करतो, आईचा मुक्काम सिम्प्सन कुटुंबाच्या घरी पडतो, आणि होमर जाऊन वृद्धाश्रमात लपतो. जरा थांबून बघा, इथे काय झालं. सात वर्षं लोकांच्या ओळखीचा असलेला हा माणूस. त्याची आई आली, तर तिला दाखवायला लेखकांनी त्याला दुसऱ्याचं घर दिलं. पुढे लग्न होतं, मंजुळा घरी येते, नंतर एकदम आठ मुलंही होतात. पण प्रेक्षकांच्या मनात अपू काउंटरमागेच राहिला. हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये त्याच्यावर टीका करणारा माहितीपट केला, आणि २०२० मध्ये त्याला आवाज देणाऱ्या हँक अझारिया यांनी ही भूमिका सोडल्याचं सांगितलं. ती चर्चा मुख्यतः उच्चारांभोवती फिरली. मला मात्र ते उसनं घर जास्त खुपतं.

दुसरा राज, ‘द बिग बँग थिअरी’ या अमेरिकन विनोदी मालिकेतला भारतीय शास्त्रज्ञ. त्याचे आईवडील दिल्लीत असतात आणि आपल्याला दिसतात लॅपटॉपच्या पडद्यावर. पहिल्याच सीझनमध्ये ते तिथूनच त्याच्यासाठी ललिता गुप्ताचं स्थळ शोधतात. सोय म्हणून युक्ती चांगली आहे, कारण राजचे मित्र तिथेच असतात, त्यांना ऐकवताना प्रेक्षकालाही सगळं कळतं. पण पडद्यावरच्या आईला स्वयंपाकघर नाही, तिला दार आपटता येत नाही, मुलाच्या ताटात न विचारता वाढता येत नाही. लॅपटॉप मिटला की घर संपलं.

आता ज्यांनी हा प्रश्न खरोखर सोडवला, त्यांच्याकडे येतो.

‘द कुमार्स ॲट नंबर ४२’. बीबीसी, २००१ ते २००६. उत्तर लंडनमधलं वेम्बली. मुलाला, संजीवला, टीव्हीवर मुलाखती घेणारा व्हायचंय. म्हणून आईवडिलांनी घरामागची बाग काढून तिथे चक्क स्टुडिओ बांधून दिलाय. संजीव भास्कर हा मुलगा, व्हिन्सेंट इब्राहिम वडील, इंदिरा जोशी आई, आणि मीरा स्याल झाली आहे आजी. पुढे २००५ मध्ये संजीव भास्कर आणि मीरा स्याल यांनी प्रत्यक्षात लग्न केलं. पडद्यावर आजी-नातू आणि घरी नवरा-बायको, तरीही त्या मेकअपमध्ये ती आजीच वाटते. हे मला आजही थक्क करतं.

कुटुंब काल्पनिक, पण येणारे पाहुणे खरे. खरोखरचे नामवंत अभिनेते, गायक. पाहुणा घराची बेल वाजवतो. दार उघडतं, आणि स्टुडिओत पोचण्याआधी त्याला अख्खं कुटुंब भेटतं. मग संजीव खुर्चीत बसून तयारी केलेले प्रश्न विचारायला लागतो, आणि शेजारच्या सोफ्यावर आईवडील आणि आजी ओळीने बसलेले. वडिलांना पैशांचं बोलायचं असतं, आईला लग्नाचं. आजीला पाहुणा आवडलाय, आणि ते ती अजिबात लपवत नाही. मुलाखत हळूहळू मुलाच्या हातातून सुटत जाते.

आता आपला प्रश्न इथे लावा. समजावून कोण सांगतं? पाहुण्यामुळे वेगळं समजावावंच लागत नाही. परका माणूस खरोखरच समोर बसलाय, त्याला घरच्या चालीरीती माहीत नाहीत, त्यामुळे त्याला सांगणं म्हणजे साधा पाहुणचार झाला. टीव्हीसमोर बसलेला इंग्रज प्रेक्षक त्या पाहुण्याच्याच जागी असतो. आणि अवघडून कोण बसलंय? पाहुणा. घर यजमानांचं, नियम यजमानांचे. अपूच्या आईला दुसऱ्याच्या घरी उतरावं लागलं होतं, इथे प्रसिद्ध इंग्रज माणूस कुमारांच्या सोफ्याशेजारी सावरून बसतो.

ही रचना किती पक्की होती, ते तिच्या नकलांवरून कळतं. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये ग्रीक कुटुंब घेऊन ‘ग्रीक्स ऑन द रूफ’ झाली. अमेरिकेत फॉक्स वाहिनीसाठी लॅटिनो कुटुंब घेऊन ‘द ऑर्टेगाज’ तयार झाली, पण ती प्रसारित झालीच नाही. पंजाबी आजीच्या जागी ग्रीक आजी बसली तरी साचा चालेल, असं त्या निर्मात्यांना वाटलं, कारण साचा भारतीयपणावर नव्हे, सोफ्यावर उभा होता. एकच मर्यादा आहे. पाहुणा गेला की हे कुटुंब एकटं असताना कसं वागतं, ते आपल्याला फारसं दिसत नाही. तिथे कोणी मेलं, कोणाचं मन मोडलं, तर हा सोफा पुरत नाही.

तिथून पुढचं काम केलं ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ने. नेटफ्लिक्स, २०२० ते २०२३, चार सीझन, ४० भाग. मिंडी केलिंग आणि लँग फिशर यांची निर्मिती.

घर आहे कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या शेर्मन ओक्स भागात. तमिळ कुटुंब. देवी विश्वकुमार, वय १५. आई नलिनी त्वचारोगतज्ज्ञ. चुलत बहीण कमला कॅलटेकमध्ये पीएचडी करते आणि यांच्याकडेच राहते. आणि वडील मोहन, जे आता नाहीत. देवी शाळेच्या कार्यक्रमात हार्प वाजवत असताना ते प्रेक्षकांत कोसळले, हृदयविकाराचा झटका. त्यानंतर देवीचे पाय तीन महिने हललेच नाहीत. शरीरात दोष नव्हता, दुःख पायात उतरलं होतं.

पहिल्या भागाची सुरुवात आठवते का? शाळेचं नवं वर्ष, देवी देवांसमोर हात जोडून उभी. मागणं काय? हातावरची लव कमी होऊ दे, एक बॉयफ्रेंड मिळू दे, आणि जिथे ड्रग्ज असतात अशा पार्टीचं आमंत्रण मिळू दे. ते घ्यायचे नाहीयेत, फक्त ‘नको, थँक्स’ म्हणायची संधी हवी आहे. देवघरासमोर उभं राहून कोणी भक्ती समजावून सांगत नाही. तिला देव इतके जवळचे आहेत की ती त्यांच्याशी काहीही बोलू शकते, हे त्या मागण्यातूनच कळतं.

मग समजावतं कोण? जॉन मॅकएन्रो. खुद्द टेनिसपटू. अख्ख्या मालिकेत निवेदनाचा मुख्य आवाज त्याचा आहे. मोहन टेनिसवेडा, मॅकएन्रो त्याचा आवडता. पंधरा वर्षांच्या भारतीय मुलीची गोष्ट हा तापट अमेरिकन माणूस सांगतोय, हे आधी विचित्र वाटतं. पण कामाची वाटणी बघा. बाहेरच्यांना जे सांगायचं ते मॅकएन्रो सांगून टाकतो. त्यामुळे नलिनी आणि देवी मोकळ्या होतात. त्यांना कोणासाठी संस्कृतीचे धडे द्यायचे नाहीत, त्या फक्त भांडू शकतात. आणि भांडतात. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे देवी आईला म्हणते की त्या रात्री बाबांऐवजी तू मेली असतीस तर बरं झालं असतं. परदेशी मालिकेतल्या भारतीय घरात एवढं क्रूर वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते म्हणायला घरात परकं कोणी असून चालत नाही.

चौथा भाग गणेशपूजेचा. साड्या नेसून सगळ्या निघतात, शाळेच्या इमारतीतच पूजा मांडलेली. तिथे जया नावाची एक बाई बसली आहे. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, पुढे घटस्फोट झाला. बाकीच्या बायका तिच्यापासून लांब राहतात, आणि कमला नेमकी तिच्याशी बोलायला बसते. कमलासाठी तेव्हा घरचे स्थळ बघतायत, त्यामुळे ते नाकारलं तर आपलं पुढे काय होऊ शकतं याचं चित्रच तिच्यासमोर येतं. ओहायोतल्या प्रेक्षकालाही हे कळतं, कारण बायका कुठे बसल्या आहेत आणि जया कुठे, हे दिसतं.

आपल्यासाठी एक खास गोष्ट. कमला शेवटी ज्याच्या प्रेमात पडते तो देवीचा इंग्रजीचा शिक्षक, मनीष कुलकर्णी. आडनाव ऐकून मी सरसावून बसलो होतो. पण आजीला, म्हणजे मोहनच्या आईला, निर्मलाला, हा अमेरिकेत मुरलेला मुलगा सुरुवातीला पसंत पडत नाही.

ही निर्मला या घरात येते कशी, तेही सांगायला हवं. नवरा गेल्यावर नलिनी भारतात परतायचा विचार करते आणि दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला चेन्नईत जाऊन बघते. माहेरी तिला हवा तो ओलावा मिळत नाही. आधार वाटतो तो सासूचा. शेवटी नलिनी अमेरिकेतच राहायचं ठरवते आणि सासू तिच्याकडे राहायला येते. मुलगा गमावलेली आई आणि नवरा गमावलेली सून, एका छपराखाली. पुढे नलिनी दुसऱ्या पुरुषासोबत जेवायला जाते, तेव्हा हा पेच मॅकएन्रोने कितीही सांगितला तरी शब्दांत मावणारा नसतो. आणि चौथ्या सीझनच्या शेवटी त्या कुटुंबात लग्न लागतं ते देवीचं नाही, कमलाचंही नाही. निर्मला आजीचं, लेन नावाच्या अमेरिकन माणसाशी.

पहिल्या सीझनच्या शेवटाने थांबतो. देवी आईशी भांडून घर सोडून मित्राकडे गेली आहे. नलिनी मोहनच्या अस्थी घेऊन मालिबूच्या किनाऱ्यावर पोचली आहे, सोबत कमला. देवी धावत वाळूवरून येते. त्या तिघी पाण्याकडे जातात. अस्थी का सोडायच्या, समुद्रातच का, हे तिथे कोणी कोणाला विचारत नाही.