आहेराची वही आणि साईट खर्चाची वही

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे लग्नघरात एक वही असते. मांडवाच्या दाराशी घरातलं कुणीतरी ती घेऊन बसतं आणि लिहीत जातं: अमुक काका, दोनशे एक, तमुक मावशी, साडी आणि खण. पुढे त्या काकांच्या घरी कार्य निघालं की आई ती वही काढून पाहते आणि तेवढाच, किंवा थोडा जास्त आहेर घेऊन जाते. आहेर असा फिरत राहतो.

मी गेली बावीस वर्षं विजेची कामं घेणारा छोटा ठेकेदार आहे. माझ्याकडे दुसरीही एक वही आहे, साईट खर्चाची. तार, पाईप, मजुरी, टेम्पोचं भाडं, सगळं तिच्यात लिहिलं जातं. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती चाळताना मला दिसलं, की एका अभियंता साहेबांच्या मुलीच्या लग्नात दिलेलं पाच हजार एक रुपयांचं पाकीट मी आहेराच्या वहीत लिहिलेलंच नव्हतं. ते इथे होतं, ‘इतर खर्च’ या रकान्यात. माझ्या हातानं, माझ्याच अक्षरात. त्या दिवशी मला कळलं, की मी आहेर केला नव्हता.

मी तिथवर कसा पोचलो, ते सांगतो. एका नगर परिषदेचं पथदिव्यांचं काम मिळालं, तेव्हा पहिल्या दिवाळीला मी कार्यालयात पेढ्यांचा एक पुडा नेला आणि सगळ्यांसमोर टेबलावर उघडला. शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकेक पेढा घेतला. दुसऱ्या वर्षी सुक्या मेव्याचा डबा नेला, पण तो फक्त त्या अभियंता साहेबांना, आणि कार्यालयात नव्हे, घरी. तिसऱ्या वर्षी डब्यात दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं होतं. मग लग्नाचं पाकीट. कुणीही माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पाचव्या वर्षी माझा हात आखडला होता, म्हणून मी गेलो नाही. डिसेंबरात बिलाची चौकशी करायला गेलो, तर लेखा विभागातले लिपिक हळूच म्हणाले, “यंदा साहेबांकडे फिरकला नाहीत वाटतं?” तीन लाख चाळीस हजारांचं बिल होतं. मोजमाप पुस्तिकेत मापं चढलेली होती, फक्त सही बाकी होती.

चार वर्षं मी ज्याला माया म्हणत होतो, त्याचा आता दर ठरला होता. आणि तो ठरवण्यात माझाही हात होता, हे मला आज मोकळेपणानं सांगायचं आहे.

माझ्यासारख्या बऱ्याच जणांचा समज असतो, की “हे काम करून द्या, हे घ्या” असं बोलणं झालं तरच ती लाच. कायदा तसं म्हणत नाही. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 नीट वाचण्यासारखं आहे. ज्या माणसाचं काम आपल्यापुढे होतं, आहे किंवा येण्याची शक्यता आहे, अशा माणसाकडून सरकारी नोकरानं एखादी मौल्यवान वस्तू किंवा लाभ फुकटात किंवा नाममात्र किमतीत घेतला, तर तोच गुन्हा होतो. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. त्या बदल्यात कुठलं काम केलं, हे तिथे दाखवावं लागत नाही. “बिल निघाल्यावर दिलं, आधी नाही,” या युक्तिवादालाही तिथे जागा नाही. वस्तू साहेबांच्या हाती न देता वहिनींच्या किंवा मुलांच्या हाती दिली, तरी फरक पडत नाही.

देणाऱ्याचं काय? 2018 च्या दुरुस्तीनंतर अयोग्य काम करवून घेण्यासाठी किंवा केल्याबद्दल बक्षीस म्हणून देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. ज्याला देणं भाग पाडलं गेलं त्याला एक वाट ठेवली आहे: दिल्यापासून सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेकडे तक्रार करायची. पण श्रोतेहो, देऊन मग धावाधाव करण्यापेक्षा मागणी झाल्याबरोबर जावं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे. आधी कळवून, त्यांच्या सांगण्यावरून पैसे दिले, तर देणाऱ्यावर गुन्हा होत नाही.

माझ्या बाबतीत उघड मागणी नव्हती, नुसती सूचना होती. तेव्हा मी दोन कागद दिले. पहिला साधा अर्ज: माझ्या बिलात काही त्रुटी असल्यास लेखी कळवावी. त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तीन आठवडे उत्तर आलं नाही, म्हणून माहिती अधिकारात दुसरा अर्ज टाकला: माझ्या बिलाची फाईल कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे? या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तराच्या आधीच सही झाली. प्रत्येक वेळी असं होईलच, असं मी म्हणणार नाही. पुढची दोन कामं मला मिळाली नाहीत, आणि त्याचं कारण मला कुणी सांगितलं नाही.

मग तिथे बदलून एक नव्या अभियंता बाई आल्या. सवयीनं माझा मुलगा दिवाळीला एक छोटा डबा घेऊन गेला. बाईंनी तो उघडलाही नाही. म्हणाल्या, “बाळ, तुमचं बिल माझ्या टेबलावर आहे. ते असताना हा डबा इथे नको. चहा घेऊन जा.” चहा त्यांनीच मागवला. मुलगा ओशाळून घरी आला, पण मला हायसं वाटलं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांतही हीच रेघ आहे. प्रसंगानं झालेलं जेवण, वाटेत दिलेली लिफ्ट, साधा पाहुणचार यांना नियम भेट मानत नाहीत. पण ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याच्याकडून वारंवार किंवा थाटाचा पाहुणचार टाळावा, असं ते सांगतात. लग्नकार्यात प्रथेप्रमाणे भेट घेण्याची मुभा आहे, तीही जवळच्या नातेवाइकांकडून आणि कामाचा संबंध नसलेल्या मित्रांकडून.

खासगी गिऱ्हाइकांचं थोडं वेगळं आहे. कारखान्याचा खरेदी व्यवस्थापक सरकारी नोकर नाही, त्यामुळे हा कायदा त्याला सहसा लागत नाही. पण तो मालकाच्या पैशानं खरेदी करतो, आणि माझी भेट त्याच्या घरी गेली तर ती शेवटी मालकाच्याच खिशातून जाते. म्हणून मी आता डायरी आणि कॅलेंडरच देतो, तेही कंपनीच्या पत्त्यावर, पत्रासोबत, सगळ्या गिऱ्हाइकांना सारखं. ज्या महिन्यात कोटेशन दिलेलं असतं, त्या महिन्यात तेही नाही.

मनात शंका आली की मी त्या दोन वह्या आठवतो. ही भेट आईच्या वहीत लिहिता येईल का, आणि हा माणूस माझ्या घरच्या कार्याला तेवढाच आहेर घेऊन येईल का? आणि हो म्हणताना त्याच्या टेबलावर माझी फाईल तर नाही ना? फाईल असेल, तर पुढचा विचारच करत नाही.

गेल्या वैशाखात त्याच लिपिकांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका आली, आमंत्रण मनापासूनचं होतं. मी आणि सौ. दोघं गेलो, अक्षता टाकल्या, पंगतीला बसून जेवलो, नवरा-नवरीला आशीर्वाद दिला. दाराशी वही घेऊन बसलेल्या मुलानं नाव विचारलं. मी म्हटलं, “लिहायचं काही नाही रे, फक्त आलो होतो.”