दोनशे व्होल्ट मागे, तरी गाडी बंद

(दृश्य: न्यू जर्सी, घरासमोर उभी असलेली गाडी, काचेवर धूळ)

ही 2012 ची टोयोटा प्रियस, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी हायब्रिड. मालक पाच आठवडे पुण्याला होते, गाडी इथेच उभी. आज सकाळी रिमोट दाबला, काही झालं नाही. मग रिमोटच्या पोटात लपलेली धातूची किल्ली काढून त्यांनी हाताने दार उघडलं.

पॉवरचं बटण दाबल्यावर डॅशबोर्ड मंद उजळला. एकदम सात-आठ इशारे लागले, पण गाडी निघायला तयार असल्याचं सांगणारी READY ही अक्षरं उमटत नाहीत. बघणाऱ्याला पहिली शंका येते ती मागच्या मोठ्या बॅटरीची. ती महाग, तीच बदनाम.

(दृश्य: मागच्या सीटमागची मोठी बॅटरी)

मोठी बॅटरी ही. निकेल-मेटल हायड्राइडची 28 मॉड्यूल, एकूण 201.6 व्होल्ट. तिला काहीही झालेलं नाही. गाडी बंद असली की तिची वीज रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, उघडून तोडलेली असते. सुरक्षेसाठी ते हवंच. पण हे रिले ओढणारी वीज येते बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून, आणि सगळे संगणकही तिच्यावरच जागे होतात. धरण काठोकाठ भरलेलं, पण दरवाजा उचलायला माणूस नाही.

(दृश्य: मेकॅनिक मागच्या सीटवरून डिकीत सरकतो)

डिकीचं दारही विजेवर उघडतं, म्हणून ही कसरत. उजव्या कोपऱ्यातलं झाकण निघालं. मीटर दाखवतो 8.1 व्होल्ट. चांगली बॅटरी विसाव्यात साधारण 12.6 दाखवते.

आता हिशेब बघा. बंद गाडीतही रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ थोडी वीज खात असतात. समजा 30 मिलिअँपिअर. दिवसाला 0.72 अँपिअर-तास, पस्तीस दिवसांत पंचवीस. नवी बॅटरी साधारण 45 अँपिअर-तासांची, तिने हे सोसलं असतं. ही जुनी, क्षमता जेमतेम निम्मी उरलेली. मग उरलं काय?

क्षमता घटलेली कोणाला का कळली नाही, ते महत्त्वाचं. साध्या पेट्रोल गाडीत स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात, त्यामुळे बॅटरी थकली की इंजिन जड फिरतं, कुरकुरतं. महिनाभर आधी चाहूल लागते. या गाडीत तसा स्टार्टरच नाही. इंजिन फिरवते ती मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर. छोटीचं काम हलकं, म्हणून ती अर्धमेली झाली तरी गाडी रोज निमूट निघते. मग एका सकाळी निघत नाही.

(दृश्य: बॉनेट, फ्यूजपेटी, लाल झाकण जवळून)

बॅटरी मागे असली तरी जंपची, म्हणजे बाहेरून वीज देण्याची, जागा पुढे आहे. बॉनेटचा खटका केबलवर चालतो, तो उघडतो. फ्यूजपेटीतल्या लाल झाकणाखालच्या टोकाला लाल चिमटा, काळा इंजिनच्या उघड्या धातूला. उलटे लावले तर फ्यूज उडतो, इन्व्हर्टरही जाऊ शकतो. म्हणून मेकॅनिक लावण्याआधी दोनदा बघतो.

जंप देणारा बॅटरी-पॅक तळहाताएवढा आहे, तेवढा पुरतो. इंजिन फिरवायचं नाही, फक्त संगणक जागे करायचे आहेत. ब्रेक दाबा, बटण दाबा.

(आवाज: टक... टक)

रिले बसले. आधी रेझिस्टरमधून हळू वीज, मग पूर्ण जोडणी. READY आलं. आता मोठी बॅटरी कन्व्हर्टरमार्फत छोटीला भरू लागली, मीटर 14 च्या वर. हा आकडा पाहून खूश होऊ नका, तो कन्व्हर्टरचा आहे. बॅटरीची खरी तपासणी READY नसताना: पॉवर ऑनवर ठेवून दिवे आणि पंखा लावायचा. इथे ती मिनिटभरात 11 च्या खाली गेली.

(दृश्य: नवी बॅटरी बसवताना)

10 मिलिमीटरचा पाना, आधी ऋण टोक सुटं. बॅटरी केबिनमध्ये आहे, म्हणून एजीएम, म्हणजे आम्ल सांडत नाही अशी बंदिस्त बॅटरीच हवी, आणि वायू बाहेर नेणारी ही बारीक नळी पुन्हा जोडायलाच हवी. घाईत अनेकदा तीच राहते. शेवटी काचांचं वन-टच पुन्हा शिकवायचं.

मोठ्या बॅटरीची पातळी दाखवणारं चित्र या स्क्रीनवर सतत असतं. बारा व्होल्टसाठी एक आकडाही नाही. सेन्सरचा खर्च तो किती? एक रेष दाखवली असती तरी मालकांना हे पुण्याला निघण्याआधीच कळलं असतं.

कामावरची सुट्टी गेली, मुलांची शाळा चुकली.

पुढच्या वारीच्या आधी मालक आता ऋण टोक सोडून जाणार आहेत. तसं केलं की अलार्म मात्र बंद राहतो, आणि परतल्यावर पुन्हा मागच्या सीटवरून डिकीत सरकावं लागतं.