तिसऱ्यांदा तोच पट
(एका बुद्धिबळ शिबिरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: 'थोडी सरस स्थिती असताना पुनरावृत्तीची बरोबरी घ्यावी का?' हो किंवा नाही एवढंच सांगायचं असेल तर मी आत्ताच खाली बसतो. पण चाळीस मिनिटं दिली आहेत, आणि चहा त्यानंतरच आहे असं कळलंय, तेव्हा बसा.

माझं म्हणणं पुष्कळांना आवडत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. अशी पुनरावृत्ती सुरू झाली की खेळाडू समोरच्या पटाकडे बघतो आणि म्हणतो, 'मी सरस आहे, मी कशाला बरोबरी घेऊ?' पण डाव पुढे चालवायचा तर त्याला हाच पट सोडावा लागणार असतो! वेगळी चाल केली की पट बदलला. म्हणजे ज्या पटावर तो सरस आहे, तो तर त्याच्या हातून जाणारच. तोलून बघायचा तो वेगळ्या चालीनंतरचा पट. आणि हे तोलून बघायची वेळ स्थिती दुसऱ्यांदा आली तेव्हाची. तिसऱ्यांदा आल्यावर निर्णय तुमच्या हातात नसतो.

या शेवटच्या वाक्यासाठी मला पेट्रोशियनकडे जावं लागेल. पुढच्या रांगेत काही जण हसताहेत, कारण त्यांना माहीत आहे की मी पेट्रोशियनकडे गेलो की लवकर परत येत नाही.

१९७१, ब्यूनॉस आयरिस. फिशर आणि पेट्रोशियन यांचा आव्हानवीर ठरवणारा सामना. दोन डावांनंतर गुण एक-एक. तिसऱ्या डावात पांढरी मोहरी फिशरकडे, पण सरस स्थिती काळ्याची, म्हणजे पेट्रोशियनची. काळ्याचा वजीर एफ६ वर, हत्ती डी५ वर. तिसाव्या चालीला फिशर वजीर ई२ वर आणतो. पेट्रोशियन वजीर ई५ वर नेतो. फिशरचा वजीर एच५ वर जातो, पेट्रोशियनचा परत एफ६ वर येतो, फिशरचा परत ई२ वर. ही बत्तिसावी चाल, आणि स्थिती दुसऱ्यांदा आली. आता पेट्रोशियन वजीर हलवत नाही. तो हत्ती ई५ वर नेतो. फिशरचा वजीर डी३ वर जातो. पेट्रोशियनचा हत्ती पुन्हा डी५ वर येतो. इथे फिशर पटाला हात लावत नाही. चौतिसावी चाल 'वजीर ई२' अशी कागदावर लिहितो आणि पंचांकडे बरोबरी मागतो. मिळते.

माजी जगज्जेता, बचावाचा बादशहा, त्याला मोजता आलं नाही? सगळे म्हणतात, लक्ष गेलं नाही. मला ते पुरेसं वाटत नाही. जरा काळ्याच्या खुर्चीत बसून बघा. पेट्रोशियनची एकतिसावी चाल झाल्यावर पांढरा वजीर एच५ वर आहे. तेहेतिसावी झाल्यावर तो डी३ वर आहे. म्हणजे त्याच्या स्वतःच्या चालींनंतरचे हे दोन पट एकमेकांसारखे नाहीतच! पुनरावृत्ती होत होती ती फक्त फिशरच्या चालींनंतर. त्यातून पहिल्या खेपेला काळ्याचा वजीर जाऊन आला होता, दुसऱ्या खेपेला हत्ती. आपण दोन निरनिराळ्या गोष्टी करून बघतोय असंच त्याला वाटलं असणार. आपल्यापैकी बहुतेक जण पुनरावृत्ती म्हणजे 'तीच चाल पुन्हा' असं समजतात. नियमाला चालींशी देणंघेणं नाही, स्थितीशी आहे. लागोपाठ यायलाच हवी असंही नाही.

तेव्हा सरस बाजूने खेळताना मोजायचं ते समोरच्याच्या चालीनंतर. तिसरी खेप तो स्वतःच्या चालीने आणू शकतो, आणि ती चाल पटावर करायचीही त्याला गरज नाही. लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचांना सांगायचं. उलट, घाईत मोहरा हलवून बसला तर त्या चालीपुरता त्याचा हक्क गेला. मागणी चुकीची निघाली तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि डाव पुढे चालतो. स्थिती पाचव्यांदा आली तर मात्र कुणी मागायची वाट बघायची नाही, डाव बरोबरीत संपला.

'तीच स्थिती' म्हणजे काय, हाही घोळ आहे. मोहरी त्याच घरांवर हवीत, शक्य चाली त्याच हव्यात, म्हणजे किल्लेकोटाचे आणि आँ पासाँचे हक्कसुद्धा तेच, आणि चाल करायची पाळी त्याच खेळाडूची हवी. पाळीचं कलम थोरामोठ्यांच्याही नजरेतून सुटतं. रेकयाविक, १९७२, विसावा डाव. फिशरने पुनरावृत्तीची बरोबरी मागितली, स्पास्कीने वाद घातला नाही, सह्या झाल्या. मागाहून कुणीतरी दाखवून दिलं की ती स्थिती पांढऱ्याच्या ४८व्या आणि ५०व्या चालीनंतर आली होती, पण तिसऱ्यांदा आली ती काळ्याच्या ५४व्या चालीनंतर. मोहरी तीच, पाळी उलटी. मागणी नियमात बसत नव्हती. निकाल मात्र कायम राहिला, कारण दोघांनी मान्य केला होता.

या पाळीवरूनच मी मुद्द्यावर येतो. खरंच येतो. भिंतीवरच्या पटावर मांडा कुणीतरी: पांढरा राजा डी५, प्यादी ए५ आणि सी६. काळा राजा सी८, प्यादं ए६. बाकी पट रिकामा. चाल पांढऱ्याची.

एक प्यादं जास्त आहे. पांढरा राजा सी५ वर जातो, बी६ ला घुसायचंय. काळा राजा सी७ वर येऊन वाट अडवतो. पांढरा डी५ वर परततो, डी६ वर यायचंय. काळा सी८ वर परततो. पुन्हा सी५, पुन्हा सी७. दोन फेऱ्या झाल्या की मुलगा मान वर करून बघतो आणि म्हणतो, 'सर, थोडा सरस आहे, पण पुढे जात नाही.' हात मिळवतो.

आता त्याने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता. हाच पट, पण पाळी समोरच्याची असती तर? पांढरा डी५, काळा सी८, आणि चाल काळ्याची. सी७ वर आला तर आपण सी५, त्याला हटावंच लागतं आणि आपण बी६ वर जाऊन ए६ चं प्यादं घेतो. डी८ वर गेला तर आपण डी६. म्हणजे पट जिंकलेला आहे, फक्त पाळी चुकीची आहे. ती बदलायची कशी? राजाला त्रिकोणात फिरवून. राजा सी४, काळा डी८. राजा डी४, काळा सी८. राजा डी५. आपण तीन चाली केल्या, त्याने दोन. तोच पट, पाळी त्याची.

त्याला असं का फिरता येत नाही? आपण सी४ किंवा डी४ वर असताना त्याला सी७ आणि सी८ दोन्हींच्या शेजारी उभं राहावं लागतं. अशी घरं चार: बी७, डी७, बी८, डी८. पहिली दोन सी६ च्या प्याद्याने अडवलेली. उरलेल्या दोनांपैकी एकावरून दुसऱ्यावर एका चालीत उडी मारता येत नाही. म्हणून तो पुरा पडत नाही.

आणि इथेही घसरणारे आहेतच. समजा तो डी८ वर गेला. डी६, सी८, प्यादं सी७, राजा बी७, आपला राजा डी७, आणि तो चुपचाप ए७ वर. प्यादं आठव्या घरात, टाळ्या, वजीर! संपलं, स्टेलमेट. ए८, बी८, बी७ वजिराच्या माऱ्यात, बी६ आपल्याच ए५ च्या प्याद्याने बंद, आणि त्याचं प्यादं अडलेलं. इथे हत्तीच करायचा. घरी गेल्यावर मांडून बघा, एकदा बघितलं की विसरत नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बघा, पेट्रोशियनने घात केला.

तर पाळी बदलून फायदा होत नसेल, म्हणजे बहुतेक मधल्या डावांत, तेव्हा वेगळ्या चालीची किंमत काढायची. समजा तुमचा हत्ती खुल्या फळीवर आहे, त्याचा उंट त्याला हुसकावतो, तुम्ही बाजूला होता, उंट परततो, तुम्ही परत फळीवर. वेगळी चाल बहुधा तीन तऱ्हेची निघते. फळी सोडायची, उंटाची वाट बंद करायला प्यादं पुढे ढकलायचं, किंवा मारामारी करून मोकळं व्हायचं. फळी सोडली तर ती पुढे परत मिळू शकते. ढकललेलं प्यादं परत येत नाही, आणि आपल्या राजापुढचं असेल तर हरण्याची वाट तिथूनच उघडते. मारामारीनंतर सरसपणाला पटावर जागा उरते का, ते बघायचं. थांबून खेळता येईल अशी एक तरी चाल असेल, आणि ती करून मी हरायला समोरच्याला काहीतरी मोठं करावं लागत असेल, तर खेळायचं. प्याद्याशिवाय मार्गच नसेल तर बरोबरी घ्या, लाज कसली?

घरी इंजिनवर तपासताना दोन चुका होतात. नुसती स्थिती मांडली तर इंजिनला आधीच्या खेपा माहीत नसतात. पूर्ण डाव भरा. आणि एका ओळीवर थांबू नका, तीन ओळी उघडा. +०.४ दाखवणारी एकच चाल असेल आणि पुढच्या दोन शून्याखाली, तर पटावर ती एकच चाल सापडायला हवी होती. तिन्ही +०.३ च्या आसपास असतील तर तुम्ही भित्रेपणा केलात.

घड्याळाचं पटकन. चालीमागे ३० सेकंद मिळत असतील तर एक फेरी झटपट खेळून मिनिटभर शिल्लक टाकता येते, चाळिसावी चाल जवळ येते, आणि समोरचा बरोबरीला किती आतुर आहे तेही कळतं. पण एकच फेरी. तिसरी खेप त्याच्या हातात आहे, हे पेट्रोशियनकडून शिकलोय.

सामन्याचं गणित वेगळं. २०१८ ला लंडनमध्ये बाराव्या डावात काळ्याकडून सरस असताना कार्लसनने ३१व्या चालीला बरोबरी देऊ केली. ती पुनरावृत्ती नव्हती, पण हिशोब तोच: पुढे जलद डाव होते. ते त्याने कारुआनाविरुद्ध ३–० जिंकले. गुण बरोबरीत असताना आणि पुढचा प्रकार तुमच्या हातचा असताना थोड्या सरसपणाचा भाव उतरतो.

याच्या उलट टोक सिंगापूरला, २०२४, सहावा डाव. डिंग पांढऱ्याकडून किंचित सरस, आणि तोच पुनरावृत्तीला तयार. आपला गुकेश किंचित कमी, आणि त्याने २६व्या चालीला वजीर एच४ वर नेऊन पुनरावृत्ती मोडली. डाव ४६ चालींत बरोबरीतच सुटला. पण डिंगने त्या दोन खेपांत समोरच्याला जे सांगून टाकलं, ते कुठल्याच इंजिनच्या आकड्यात दिसत नाही.

वेळ संपली. मघाशी मांडलेला पट मोडू नका, चहा पिताना काळ्याकडून कुणी बसतंय का बघू.