दारापुढचा रॅम्प आणि तीन पायऱ्या : मापं आणि माल

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीत हल्ली घर बांधताना जोतं उंच घेतात. २००५ आणि २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्याचं कारण सांगायला नको. पण जोतं वर गेलं की दार अंगणापासून दोन फूट उंच जातं आणि घरात चाकाच्या खुर्चीवरचं एखादं माणूस असलं, तर पहिला प्रश्न रॅम्पचा येतो. गवंडी येतो, पावलांनी अंतर मोजतो, "हजारभर विटा आणि दोन ब्रास मुरूम टाका" असं सांगून जातो. हा आकडा कुठून आला, ते आज बघू. एकच उदाहरण घेऊ, म्हणजे हिशेब डोक्यात राहील.

समजा, घरापुढं पाच फूट लांब-रुंद ओटा आहे, अंगणापासून बरोबर दोन फूट उंच. ओट्याच्या एका बाजूनं, घराच्या भिंतीला लागून रॅम्प उतरवायचाय आणि समोरून पायऱ्या. खुर्चीसाठी उतार बारास एक धरतात, म्हणजे एक फूट लांबीला एक इंच चढ. चढ २४ इंच, म्हणून लांबी २४ फूट. लोक विचारतात, तिरकी लांबी वेगळी काढायची का? काढून बघा, २४ फूट एक इंच येते. एवढ्या मंद उतारात सपाट लांबीनंच हिशेब केला तरी चालतो.

पण उंची कुठं मोजायची? ओट्याच्या कडेला टेप लावून मोजतात, तिथंच घोळ होतो. अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी फाटकाकडं ढाळ दिलेला असतो. उंची मोजायची ती रॅम्पचा पाय जिथं टेकणार, तिथून. पाण्याची नळी घ्या, एक टोक ओट्यावर, दुसरं २४ फुटांवर. अंगण तिथं तीन इंच खाली असलं, तर चढ २७ इंच झाला. मग लांबी वाढवावी लागते आणि वाढवलेल्या लांबीत अंगण आणखी थोडं खाली जातं. शेवटी रॅम्प साडेसत्तावीस फुटांवर जाऊन टेकतो. हे आधी पाहिलं नाही, तर गवंडी शेवटच्या चार-पाच फुटांत सगळा फरक उतरवून मोकळा होतो. खुर्ची ढकलणाऱ्याला तो तेवढाच तुकडा जड जातो. आपण आज अंगण सपाट धरू.

आता माल. रॅम्प हा पाचरीचा आकार आहे, एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला दोन फूट. म्हणून त्याचं घनमाप लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, आणि त्याचं निम्मं. रुंदी मोकळी चार फूट ठेवू. २४ गुणिले ४ गुणिले २ म्हणजे १९२, निम्मे ९६ घनफूट. गवंड्याचे दोन ब्रास इथून आले, त्यानं निम्मं करायचं सोडलं होतं. पण सगळंच निम्मं होत नाही आणि खरी मेख तिथंच आहे.

वरचा काँक्रीटचा थर चार इंचांचा. तो खालपासून वरपर्यंत सारखाच जाड, म्हणून त्याला निम्मं लागत नाही. २४ गुणिले ४ गुणिले एक तृतीयांश, ३२ घनफूट. दीडपट वाळू आणि तिप्पट खडी हे प्रमाण घेतलं, तर सिमेंटची आठ पोती, साडेतेरा घनफूट वाळू किंवा क्रश सँड आणि २७ घनफूट खडी. ओला माल ३२ असला तरी कोरडा माल साधारण दीडपट लागतो, कारण खडीच्या पोकळीत वाळू आणि वाळूच्या पोकळीत सिमेंट बसतं. हा थर एका दमात न ओतता बारा-बारा फुटांच्या दोन तुकड्यांत ओता. भेग पडायचीच असेल, तर ती त्या सांध्यावर सरळ पडते.

९६ मधून ३२ गेले, उरले ६४ घनफूट. तिथं मुरूम. मुरूम दाबला की बसतो, म्हणून सैल माप पाव-तिजा जास्त धरा, म्हणजे ८५ च्या आसपास. ब्रास शंभर घनफुटांचा, तेव्हा एक ब्रास पुरला. मात्र आपल्या नदीकाठच्या काळ्या मातीवर थेट भराव करू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं काँक्रीट लांबीच्या दिशेनं तडकतं. निदान अर्धा फूट माती खरवडून तिथंही मुरूम भरा. हे ४८ घनफूट वाढले, तेही निम्मे न होता. मग दीड ब्रास सांगावा लागेल. अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर, पाणी मारून धुम्मस. धुम्मस आदळल्यावर ठसा उमटेनासा झाला, की पुढचा थर.

बाहेरच्या अंगाला नऊ इंची विटांची भिंत. घराकडची बाजू जोत्यानं धरलेली असते. भिंतीची उंची शून्यापासून दोन फुटांपर्यंत, सरासरी एक. खुर्चीचं चाक कडेवरून घसरू नये म्हणून ती काँक्रीटच्या वर चार इंच उचलायची, आणि जमिनीखाली एक फूट. सरासरी दोन फूट चार इंच. २४ गुणिले पाऊण गुणिले सव्वादोनच्या किंचित वर, ४२ घनफूट. घनफुटाला साडेतेरा विटा धरल्या तर ५६७, तूटफूट धरून ६०० मागवा. एकास सहाच्या मसाल्याला दोन पोती. खाली दीड फूट रुंद, अर्धा फूट जाड पाया, १८ घनफूट, एकास चारास आठ, त्यालाही दोन पोती. पक्का थर लागेना आणि पाया फूटभर खाली न्यावा लागला, तर २५० विटा वाढतात. जमिनीखालचं काम उताराला ओळखत नाही.

पायऱ्यांचं गणित छोटं आहे. दोन फुटांचे सहा-सहा इंचांचे चार चढ, पण पायऱ्या तीनच, चौथी म्हणजे ओटाच. फूटभर पाऊल आणि चार फूट रुंदी. पहिली अर्धा फूट उंच, दुसरी एक, तिसरी दीड, बेरीज तीन, त्याला चारानं गुणून १२ घनफूट. १७० विटा. इथंही पाचरीचं निम्मं जुळतं, पण पाया तीन फुटांचा आणि उंची पूर्ण दोन फुटांची धरली तरच.

बारकावा फरशीत आहे. ओट्याची फरशी आधीच झालेली असते. पायऱ्यांवर नंतर इंचभर कोटा बसला, की पहिला चढ सात इंचांचा होतो, मधले दोन सहाचे आणि शेवटचा पाचचा. चढताना पाय सवयीनं सहा इंचच उचलला जातो, नेमकं शेवटी अडखळायला होतं. म्हणून वीटकामातच पहिली पायरी पाच इंचांची ठेवा, बाकीच्या सहाच्या. रॅम्पवर कोटा बसवूच नका. काँक्रीट थोडं आवळलं, की आडवा खराटा ओढा आणि दहा दिवस पोती टाकून ओलं ठेवा.