‘बरं’ कुठल्या आवाजात?

आज मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. ‘बरं.’

समुपदेशनासाठी आलेल्या एका जोडप्यानं माझ्यासमोर फोन ठेवला. दुपारी तिनं लिहिलं होतं, “आज उशीर होईल. आईंना दवाखान्यात तू नेशील?” अकरा मिनिटांनी त्याचं उत्तर, “बरं.” त्यावर ती, “राहू दे. मी बघते.” मग तो, “तुझं नेहमीचंच.” त्यानंतर चार दिवस घरात कामापुरतं बोलणं.

त्यानं ते ‘बरं’ मीटिंगमध्ये, टेबलाखाली एका अंगठ्यानं लिहिलं होतं. मनात होतं, ‘नेतो गं, काळजी करू नकोस.’ तिला मात्र ऐकू आलं, ‘हेही माझ्याच गळ्यात!’ आणि तिचं ‘राहू दे’ त्याचा भार हलका करायला होतं. त्याला तो टोमणा वाटला. म्हणजे दुखावले दोघंही, आणि तेही एकमेकांना सांभाळून घेताना. आपल्या भाषेत माया असते ती ‘गं’, ‘रे’, ‘ना’, ‘की’ यांत. घाईत टाइप करताना नेमकं तेच गळतं.

२००५ साली अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी ईमेलवर प्रयोग केले. वाक्य उपरोधानं लिहिलंय की मनापासून, हे वाचणारा ओळखेल का? लिहिणाऱ्यांना वाटलं, शंभरात ७८ वेळा ओळखेल. प्रत्यक्षात ओळखलं गेलं ५६ वेळा. नाणं उडवलं असतं तरी पन्नास. लिहिताना आपला आवाज आपल्या कानात वाजत असतो, म्हणून शब्द पुरेसे वाटतात. त्याच संशोधनात ज्यांनी आपलंच वाक्य उलट्या सुरात मोठ्यानं वाचलं, त्यांचा हा फाजील विश्वास ओसरला.

मी त्या दोघांना तेच करायला लावलं. आधी तिनं त्याचं ‘बरं’ तिला ऐकू आलं तसं म्हणून दाखवलं. मग त्यानं आपल्या मनातलं म्हटलं. पुढे ‘राहू दे’चंही तसंच. ‘तू असं का म्हणालास?’ हा प्रश्न बंद, कारण तो विचारला की समोरचा बचावाला उभा राहतो. ‘मला असं ऐकू आलं’ एवढंच. आणि हे फोनवर किंवा समोरासमोर. खुलासाही चॅटवरच केला तर त्याचाही सूर हरवतो.

एक मर्यादा मात्र आहे. तीन वेगवेगळ्या सुरांत वाचूनही एखादं वाक्य टोचतंच, तेव्हा दोष सुराचा नसतो. ‘बरं’ आणि ‘राहू दे’ वाचून दाखवल्यावर निवळले. ‘तुझं नेहमीचंच’ कुठल्याच सुरात निवळेना. तिथं तो थांबला आणि म्हणाला, “हे मी रागानंच लिहिलं होतं. दोन वर्षं आईचं सगळं तूच ठरवतेस, मला विचारतसुद्धा नाहीस.”

त्या दिवशीचं खरं बोलणं तिथून सुरू झालं.