पाच सेकंदांत किती अक्षरे

नमस्कार. आज सबटायटलिंगबद्दल सर्वसाधारण बोलण्याऐवजी मी एकच वाक्य घेऊन आलोय. एका कारखान्याच्या सुरक्षा-प्रशिक्षणाच्या व्हिडिओतलं. विषय लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे दुरुस्तीला हात घालण्याआधी मशीन बंद करायचं, स्विचला आपलं कुलूप घालायचं, वर टॅग लावायचा आणि मगच काम सुरू करायचं. अमेरिकेत 1989 साली याचा नियम झाला. आपल्याकडच्या अनेक कारखान्यांतही हे प्रशिक्षण देतात आणि व्हिडिओ बहुतेक वेळा इंग्रजीतच येतो. आवाज तोच ठेवून खाली मराठी ओळी द्यायच्या, एवढं आपलं काम.

निवेदक म्हणतो, ‘नेव्हर ओपन द गार्ड अनलेस यू हॅव पर्सनली व्हेरिफाइड दॅट द मशीन इज अ‍ॅट झिरो एनर्जी.’ पुढच्या श्वासापर्यंत धरून मला पाच सेकंद मिळतात. माझ्याकडे आलेला पहिला अनुवाद असा होता: ‘मशीन शून्य ऊर्जा स्थितीत असल्याची तुम्ही स्वतः वैयक्तिकरीत्या पडताळणी केल्याशिवाय संरक्षक कवच कधीही उघडू नये.’ अर्थ बरोबर आहे. छापील पुस्तिकेत चाललं असतं. आता अक्षरं मोजा. एकोणपन्नास भरतात.

मोजायचं कसं, ते आधी सांगतो, कारण इथेच सॉफ्टवेअर आपल्याला फसवतं. पडद्यावर दोन ओळींपेक्षा जास्त नको आणि पूर्ण भरलेल्या दोन ओळींना सहा सेकंद द्यायचे, हा जुना आडाखा रोमन लिपीवर बेतलेला आहे. त्यात ओळीला साधारण सदतीस अक्षरं, म्हणजे सेकंदाला बारा. मराठी ओळ टाकली की सॉफ्टवेअर काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं सुटं मोजतं. ‘गार्ड’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, त्याला पाच. त्यामुळे चांगली ओळही लाल दिसते आणि माणूस उगाच कापत सुटतो. मी डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजतो, जोडाक्षर एकच धरतो, मोकळ्या जागा सोडून देतो आणि सेकंदाला आठ धरतो. हे कुठलं प्रमाण नव्हे, माझा कामाचा हिशोब आहे. पाच सेकंदांना चाळीस. एकोणपन्नास बसत नाहीत. शिवाय प्रेक्षकाला वर गार्ड उघडणारा हातही बघायचा असतो, म्हणून तिसाच्या आत आलो तर बरं.

‘तुम्ही स्वतः वैयक्तिकरीत्या’ यातलं ‘स्वतः’ पुरेसं आहे. ‘पडताळणी केल्याशिवाय’चं ‘तपासा’ होतं. ‘संरक्षक कवच’ शॉप फ्लोअरवर कुणी म्हणत नाही, तिथे त्याला गार्डच म्हणतात. आणि ‘केल्याशिवाय कधीही नये’ हा सगळा डोलारा मराठीत एका ‘मगच’वर उभा राहतो. मग मी लिहिलं: ‘पॉवर बंद आहे हे स्वतः तपासा. मगच गार्ड उघडा.’ खूष झालो.

एका फिटरकाकांना दाखवलं. ते म्हणाले, ‘पॉवर बंद म्हणजे मेन खाली केला. मग तपासायचं काय राहिलं?’ इथे माझी चूक उघडी पडली. हे हवेवर चालणारं प्रेस होतं. वीज तोडली तरी सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली राहते आणि ती सुटली की प्रेस खाली येतो. ‘झिरो एनर्जी’चा सगळा मुद्दा तोच, आणि ‘पॉवर’ या शब्दाने मी तोच पुसून टाकला होता. म्हणून शेवटी असं केलं:

```
41
00:03:12,400 --> 00:03:17,400
वीज, हवा, दाब – काही उरलं नाही ना,
स्वतः तपासा. मगच गार्ड उघडा.
```

सत्तावीस अक्षरं. ‘शून्य ऊर्जा’ गेली आणि तिच्या जागी तपासायच्या गोष्टीच आल्या. मशीनमध्ये ताणलेली स्प्रिंग असती, तर ही ओळ चालली नसती, वेगळी करावी लागली असती. कंपनीच्या ऑफिसातून ‘उरलं’वर आक्षेप आला, ‘उरले’ करा म्हणून. अक्षरं तेवढीच लागतात, त्यामुळे भांडलो नाही, पण बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाखाली ‘उरले’ मला अजून खटकतं.

आता ओळ तोडण्याबद्दल. इंग्रजीत ‘डोन्ट’ आधी येतो. मराठीत ‘नका’ शेवटी. ओळ लांबली की सॉफ्टवेअर रुंदी बघून तोडतं आणि वर ‘…मशीन सुरू करू’ राहतं, खाली एकटं ‘नका’. त्याहून वाईट म्हणजे ‘नका’ पुढच्या सबटायटलमध्ये जातं. दोन सेकंद पडद्यावर बरोबर उलटी सूचना उभी असते. ‘करू नका’, ‘लावू नये’, ‘चालणार नाही’ या जोड्या मी कधीच फोडत नाही. त्यासाठी ओळ कितीही आखूड झाली तरी चालेल.

याचाच मोठा भाऊ म्हणजे वाक्याची दिशा. व्हिडिओत पुढे निवेदक म्हणतो की मशीन सुरू करू नका, जोपर्यंत कुलूप लावलेल्या प्रत्येक माणसाने आपलं कुलूप काढलेलं नाही. पडद्यावर आधी स्टार्टचं बटण दिसतं, मग कुलपं. मराठी वाक्य सरळ रचलं तर अट आधी येते आणि बटणाच्या चित्राखाली कुलपांची गोष्ट चालू होते. मी वाक्यच मोडलं. बटणावर ‘मशीन लगेच सुरू करू नका.’ आणि कुलपांवर ‘ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. सगळी निघाली की मगच सुरू करा.’ प्रत्येक तुकडा आपापल्या चित्राखाली पुरा होतो. सबटायटल शॉट बदलताना मध्ये लोंबकळू नये, ही जुनी शिस्तही त्यातच पाळली जाते.

बटणाच्या नावाचं मात्र भाषांतर करू नका. पॅनेलवर RESET कोरलेलं असेल तर ओळीत ‘रिसेट’ हवं, ‘पूर्ववत करा’ लिहिलंत तर कामगार ते बटण शोधत बसेल.

चाचणी एकच घेतो. आवाज बंद करून, व्हिडिओ न पाहिलेल्या माणसाला दाखवायचा. आपण स्वतः वाचून काही कळत नाही, कारण ओळी आपल्याला पाठ असतात. बघणाऱ्याचे डोळे ओळीच्या शेवटी पोचायच्या आत ती गेली, किंवा ‘मागे घ्या’ असं तो म्हणाला, तर तिथे खूण करायची. तो हसला तर तीही खूण करायची. एकदा ओळ बरोबर होती, पण दुसऱ्या संगणकावर ‘र्ड’मधला रफार डोक्यावर न बसता मोकळा लटकत होता. म्हणून चाचणी ज्या स्क्रीनवर प्रशिक्षण होणार, तिथेच घ्यावी.

आणि काही जागा अशा असतात जिथे काटछाट करून भागत नाही. याच व्हिडिओत निवेदक चार सेकंदांत सात वस्तूंची यादी म्हणतो: कुलूप, टॅग, अनेक कुलपं एकत्र अडकवायचा हास्प वगैरे. सातही हव्यात, एकही वगळता येत नाही. तिथे मी एडिटरला फोन केला आणि ते चित्र तीन सेकंद जास्त गोठवून ठेवायला सांगितलं. त्याने आधी कुरकूर केली, मग केलं.